तीन कॉर्डची चाल आणि तिच्यावर बसणारे मराठी शब्द

युवक संघासाठी नवं गीत हवं असतं, तेव्हा अनेकदा चाल जुनीच घ्यायची ठरते. मंडळीला ती पाठ असते, गिटारवाल्याला तीन कॉर्ड पुरतात आणि आल्टो-बासच्या ओळीही वर्षानुवर्षं बसलेल्या असतात. राहिले फक्त शब्द. मग कुणीतरी रात्री बसून चार कडवी लिहितं, पहिल्या सरावात ती गायली जातात आणि काहीतरी खटकतं. अर्थ चांगला आहे, यमकं जुळली आहेत, तरी गाताना तोंड अडखळतं. अशा वेळी बहुतेक जण चालीत बदल करतात. एखादा सूर वाढवतात, एखादी कॉर्ड मध्येच घुसवतात. तिथे त्या चालीचा साधेपणा जातो आणि मंडळीला ती अनोळखी वाटू लागते.

माझं म्हणणं उलट आहे. चाल आणि तिची हार्मनी जशीच्या तशी ठेवावी आणि शब्दांनाच तिचं ऐकायला लावावं. ते कसं करायचं ते एकाच चालीवर, एक गीत शेवटपर्यंत लिहून दाखवतो.

चाल कोणती घेऊ?

मी घेतलेली चाल ‘न्यू ब्रिटन’ या नावाने ओळखली जाते. ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत जगभर याच चालीवर गायलं जातं, त्यामुळे ती तुमच्या कानात असणारच. त्या गीताचे शब्द जॉन न्यूटन यांचे, 1779 साली छापलेले. ही चाल त्या शब्दांना जोडली गेली ती बरीच नंतर, 1835 साली, विल्यम वॉकर यांच्या ‘सदर्न हार्मनी’ या संग्रहात. म्हणजे शब्द वेगळीकडून आले आणि चाल वेगळीकडून. एका मापाच्या शब्दांना त्याच मापाची दुसरी चाल लावायची ही पद्धत स्तोत्रांच्या जगात जुनी आहे आणि आपण तेच करणार आहोत.

चाल इतकी जुनी असल्यामुळे तिच्यावर कुणाचा हक्क उरलेला नाही. मात्र हल्लीच्या एखाद्या बँडने तिला जोडलेलं नवं ध्रुवपद किंवा कुणी अलीकडे लिहिलेली चार आवाजांची मांडणी ही वेगळी गोष्ट आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं आणि बऱ्याच देशांत 70 वर्षं हक्क टिकतो. म्हणून जुन्या स्तोत्रपुस्तकातली साधी मांडणीच समोर ठेवा.

आधी शब्दांशिवाय चाल ओळखा

वही बाजूला ठेवा आणि चाल नुसत्या ‘ला-ला’वर चार-पाच वेळा गा. प्रत्येक सुराला टाळी नको, फक्त जिथे जोर येतो तिथे द्या. ही चाल तीन मात्रांची आहे आणि जोर पहिल्या मात्रेवर पडतो. पण गाणं पहिल्या मात्रेवर सुरू होत नाही. आधी एक मात्रेचा छोटा सूर येतो आणि मग जोराचा. या छोट्या सुराला मी उचल म्हणतो.

सा म्हणजे जी धरला, तर चाल अशी आहे. कंसातले दोन सूर एकाच अक्षरावर घसरत जातात आणि सुराखालचा टिंब खालच्या सप्तकाचा आहे.

पहिली ओळ: प़ सा (गसा) ग रे सा ध़ प़
दुसरी ओळ: प़ सा (गसा) ग रे प
तिसरी ओळ: ग प (गसा) ग रे सा ध़ प़
चौथी ओळ: प़ सा (गसा) ग रे सा

सुरांचे गट मोजा: आठ, सहा, आठ, सहा. शब्दांचंही माप तेच हवं. स्तोत्रपुस्तकात चालीजवळ 8.6.8.6 असे आकडे छापलेले असतात, त्यांचा अर्थ हाच.

आता लांबी बघा. प्रत्येक ओळीत पहिलं, तिसरं, पाचवं, सातवं अक्षर एकेका मात्रेचं आहे. दुसरं, चौथं, सहावं, आठवं दोन मात्रांचं आहे. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं शेवटचं अक्षर तर पाच मात्रा लांबतं. मिनिटाला 84 मात्रांच्या संथ लयीत दोन मात्रा म्हणजे जवळपास दीड सेकंद आणि पाच मात्रा म्हणजे साडेतीन सेकंदांहून जास्त. मराठी अक्षर इतका वेळ उघडं राहिलं की त्याचं काय होतं, हाच या कामातला खरा प्रश्न आहे.

आखूड-लांब, आखूड-लांब, असं चार वेळा. शाळेत वृत्तं शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. लघु-गुरू, लघु-गुरू असं आठ अक्षरांचं आपलं प्रमाणिका वृत्त नेमकं याच मापाचं आहे. परक्या वाटणाऱ्या या चालीला मराठीत आयतं माप आहे, हे कळल्यावर माझं निम्मं काम हलकं झालं. फरक एवढाच की वृत्तात लघूच्या जागी लघूच लागतो. इथे आखूड सुरावर गुरू अक्षर आलं तरी चालतं, कारण एक मात्रासुद्धा बोलण्याच्या मानाने बरीच मोठी असते. उलटं मात्र चालत नाही. लांब सुरावर लघू अक्षर ठेवू नका.

लांब सुरावर ऱ्हस्व अक्षर आलं तर

हे मी चुकून शिकलो. आमच्या युवक संघासाठी मी लिहिलेल्या पहिल्या गीतात ‘बळ’ हा शब्द दोन मात्रांच्या सुरावर होता. कागदावर सुंदर दिसत होता. उपासनेत तीस-चाळीस जणांनी तो गायला आणि ‘बळ’चा ‘बाळ’ झाला. मागच्या बाकावरच्या आजींनी नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, तरुण पोरं देवाकडे बाळ कशासाठी मागतायत? गाणाऱ्यांचा त्यात काहीच दोष नव्हता. ‘ब’मधला अ दीड सेकंद धरायचा म्हटल्यावर तोंड उघडतं आणि आ होतो.

असंच ‘मन’चं ‘मान’ होतं आणि ‘वर’चा ‘वार’. इ आणि उ तर जास्त दगा देतात. ‘दिन’ लांबला की ‘दीन’ होतो, म्हणजे दिवसाच्या जागी दुबळा माणूस उभा राहतो. ‘सुत’ लांबला की मुलाचं ‘सूत’ होतं. देवाच्या पुत्राविषयीच्या ओळीत हे चालणार नाही.

म्हणून दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या जागी मुळातच लांब असलेलं अक्षर ठेवा: आ, ई, ऊ, ए, ओ यांपैकी स्वर असलेलं, अनुस्वाराचा उच्चार होणारं किंवा ज्याच्यापुढे जोडाक्षर आहे असं. ‘प्रश्न’मधला ‘प्र’ लांबवला तरी ‘प्रश्’ असा बंद होतो आणि शब्द बिघडत नाही.

उचलीची अडचण

दुसरी अडचण नवख्यांना बहुतेक वेळा पहिल्याच ओळीत भेटते. मराठीत आपल्या मनात पहिले येणारे शब्द बरेचदा जड अक्षराने सुरू होतात: देवा, वाट, सांज, प्रेम, येशू. चाल मात्र हलक्या उचलीने सुरू होते. मी या गीताची पहिली ओळ आधी अशी लिहिली होती: ‘सांज झाली, वाट दिसेना’. बोलायला चांगली आहे. चालीवर ठेवली की ‘सां’ उचलीत घाईने निघून जातो आणि ‘ज’वर दोन मात्रांचा सूर येतो. ऐकणाऱ्याला ‘सांजा’ ऐकू येतं. शिवाय अक्षरं नऊ आहेत.

उपाय असा की ओळ लघु-गुरू शब्दाने सुरू करायची. मी वहीच्या शेवटच्या पानावर अशा शब्दांची यादीच ठेवली आहे: दिसे, कुठे, तुला, तुझे, घरी, नको, पुढे, उरात, मनात, असेल, प्रभू, कृपा. किंवा सुरुवातीला एकाक्षरी शब्द घ्यायचा: तू, हे, जो, न. यादी समोर असली की ओळ आपोआप योग्य पायावर उभी राहते.

इथे अक्षरं मोजण्याबद्दल एक खुलासा. बोलताना आपण ‘वाट’ एका झटक्यात म्हणतो, शेवटचा अ गिळतो. गाताना, ओवी-अभंगात म्हणतात तसा, ‘ट’ वेगळा उच्चारला जातो. म्हणून मी लिहिलेलं प्रत्येक अक्षर मोजतो आणि अशा शेवटच्या अक्षराला नेहमी आखूड सूर देतो. ‘वा’ लांब, ‘ट’ आखूड. तो ‘ट’ लांब सुरावर गेला की ‘वाटा’ झालाच.

हार्मनी काय सांगते ते ऐका

आता गिटार किंवा कीबोर्ड घ्या. एका मापात तीन मात्रा, अशी एकूण सोळा मापं आहेत, उचल सोडून. कॉर्ड अशा:

पहिली ओळ: जी, जी, सी, जी
दुसरी ओळ: जी, जी, डी, डी
तिसरी ओळ: जी, जी, सी, जी
चौथी ओळ: जी, जी (तिसऱ्या मात्रेला डी), जी, जी

तीनच कॉर्ड, पण त्या सारख्या नाहीत. जी म्हणजे घर. सी म्हणजे घराबाहेरच्या ओट्यावर येणं. आवाज जरा मऊ होतो, मोकळा होतो. डी म्हणजे दारात उभं राहणं. तिथे थांबता येत नाही, पुन्हा आत जावंसं वाटतं.

हे शब्दांसाठी कामाचं आहे. दुसरी ओळ डीवर संपते आणि तिथेच पाच मात्रांचा वरचा प धरलेला असतो. चालीतला तो सर्वात उंच सूर. कान म्हणतो, अजून बाकी आहे. अशा ठिकाणी वाक्य संपवलं तर शब्द थांबतात आणि चाल ताटकळत राहते. माझ्या पहिल्या मसुद्यात दुसरी ओळ ‘थकून थांबलो’ अशी होती. मापात चोख, पण गाताना सगळे तिथे श्वास सोडून मोकळे व्हायचे आणि तिसऱ्या ओळीची उचल निसटायची. दुसऱ्या ओळीच्या शेवटी अर्थ उघडा ठेवा: प्रश्न, विनवणी, ‘जो’ किंवा ‘जेव्हा’ने अडकवलेलं अर्धं वाक्य. चौथी ओळ जीवर घरी पोहोचते, तिथे वाक्य पूर्ण होऊ द्या.

सीची जागाही बघून ठेवा. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत ती सहाव्या अक्षराबरोबर येते. तिथे ‘आणि’, ‘तर’ असला भरतीचा शब्द पडला तर हार्मनीतला सगळ्यात कोवळा क्षण वाया जातो.

आता एक कडवं लिहू

विषय मी लूक 24 मधला घेतला. दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊसकडे खिन्न होऊन चालले आहेत. एक अनोळखी माणूस त्यांच्या सोबतीला येतो. ते त्यालाच येशूबद्दलची आपली निराशा सांगतात आणि तोच येशू आहे हे त्यांना भाकरी मोडताना कळतं. तरुणांच्या गटात ही गोष्ट लगेच पोहोचते, कारण शंका घेऊन चालणारे तिथे बरेच असतात. एका गीताला एवढी एकच गोष्ट पुरे. प्रेम, क्षमा, स्वर्ग, सेवा सगळं एकत्र आणू नका. आठ-सहा अक्षरांत तेवढी जागाच नसते.

पहिली ओळ: संध्याकाळ आणि न दिसणारी वाट. यादीतला ‘दिसे’ घेतला. ‘दिसे न वाट, सांज ये’. मोजू: दि-से-न-वा-ट-सां-ज-ये, आठ. लांब जागा: से, वा, सां, ये. चारही गुरू. आणि सी कॉर्ड ‘सां’वर येते, म्हणजे सांज उतरते तिथेच हार्मनीही मऊ होते. हे मी ठरवून केलं नव्हतं, पण जमल्यावर त्याला हात लावला नाही.

तिसरी ओळ मला दुसरीच्या आधी सुचली: ‘कुठे असेल तो प्रभू’. कु-ठे-अ-से-ल-तो-प्र-भू. ठे, से, तो, भू. सी कॉर्ड ‘तो’वर. ज्याला शोधायचं त्याच्याकडे बोट दाखवणारा शब्द, बरोबर जागी.

मग दुसरी आणि चौथी. दुसरी उघडी हवी, चौथी बंद आणि दोघींचं यमक हवं. गोष्टीतला गाभा असा की त्यांनी येशूबद्दलचा प्रश्न येशूलाच विचारला. म्हणजे चौथी ओळ ‘तुला विचारला’: तु-ला-वि-चा-र-ला. ला, चा, ला. मग दुसरीत प्रश्न हवा, ‘जो’ला बांधलेला: ‘जो प्रश्न दाटला’. जो-प्र-श्न-दा-ट-ला. उचलीत ‘जो’ हे गुरू अक्षर आलंय, त्याने काही बिघडत नाही. लांब जागी प्र, दा, ला. शेवटचा ‘ला’ उंच प वर पाच मात्रा धरायला सोपा, कारण आ मोकळा स्वर आहे.

दिसे न वाट, सांज ये,
जो प्रश्न दाटला,
“कुठे असेल तो प्रभू?”
तुला विचारला.

पूर्ण वाक्य चौथ्या ओळीत घरी येतं, जी कॉर्डबरोबर.

पुढची कडवी

पुढच्या कडव्यांची हार्मनी बदलत नाही, म्हणून त्यांनाही तेच नियम. दुसरं कडवं:

अनोळखी तू सोबती,
तुझे ते बोलणे
उरात पेटवी दिवा,
न एकटे जिणे.

दुसरी ओळ इथे नुसता कर्ता आहे, क्रियापद तिसऱ्या ओळीत येतं. डीवर वाक्य लटकवायचा हा सोपा मार्ग.

तिसऱ्या कडव्यात एक गोष्ट मला गाऊनच कळली. मी दुसरी ओळ ‘नको पुढे निघू’ अशी लिहिली होती. माप ठीक, अक्षरं ठीक, अर्थही विनवणीचा. पण शेवटचा ‘घू’ उंच प वर पाच मात्रा धरताना मुलींचे ओठ आवळले जायचे, आवाज बारीक व्हायचा आणि सूर खाली यायचा. बोलताना ऊ जितका गोड, तितकाच तो उंच आणि लांब सुरावर अवघड. शब्दांची फक्त अदलाबदल केली: ‘नको निघू पुढे’. न-को-नि-घू-पु-ढे. आता शेवटी ‘ढे’ आला. ए उघडा आहे, सूर स्थिर राहिला.

घरी ये आज, रात्र ही,
नको निघू पुढे,
तू भाकरी ही मोडता
फिटेल साकडे.

सी कॉर्ड तिसऱ्या ओळीत ‘मोडता’च्या ‘मो’वर पडते. भाकरी मोडण्याचा क्षण तिथेच आहे. ‘साकडे’ म्हणजे काय, असं आमच्या दोन-तीन मुलांनी विचारलं. शब्द जुना आहे, पण अर्थ सांगितल्यावर त्यांनाच तो आवडला, म्हणून ठेवला. तुमच्या गटात कुणालाच तो पचत नसेल तर बदला. शब्द पोटात गेल्याशिवाय गाणं मनापासून निघत नाही.

एक गोष्ट तीनही कडव्यांत सारखी ठेवली आहे: आपण सतत ‘तू’शी बोलतोय. पहिल्या कडव्यातला ‘तो प्रभू’ हा फक्त प्रश्नातला शब्द आहे. ‘तू’वरून मध्येच ‘तो’वर जाणारी गीतं फार दिसतात आणि गाणाऱ्याला कळेनासं होतं की ही प्रार्थना आहे की गोष्ट.

आवाज बसवताना

चालीचा पल्ला एका सप्तकाचा आहे, खालच्या प पासून वरच्या प पर्यंत. जीमध्ये बहुतेकांना झेपतो. खालचा सूर मुलींना बुडत असेल तर गिटारला दुसऱ्या पट्टीवर कॅपो लावा, बोटं तीच राहतील.

एक गंमत लक्षात घ्या: या चालीत म आणि नी नाहीतच. भूपाचे पाच सूर. म येतो तो फक्त सी कॉर्डमधून आणि नी फक्त डी कॉर्डमधून. म्हणजे चालीत जे नाही ते हार्मनी आणून देते. म्हणूनच मुख्य गाणाऱ्याने हौसेने हरकत घेताना त्यात म घेतला आणि खाली जी वाजत असेल, तर तो टोचतो. तिसऱ्या अक्षरावर (गसा) ही घसरण चालीतच दिली आहे. सजावट तेवढीच पुरे.

दुसरा आवाज द्यायचा असेल तर आल्टोची पहिली ओळ इतकी सोपी आहे: पहिली पाचही अक्षरं खालच्या प वर स्थिर, मग ध़ म़ ग़. ‘दिसे न वाट’ इथपर्यंत एकच सूर आणि ‘सांज ये’ला आधी एक पाऊल वर, मग खाली. आधी आल्टोला फक्त ही ओळ शिकवा, मुख्य चालीबरोबर गाऊन घ्या आणि मग तिसऱ्या ओळीलाही तीच लावा. कॉर्ड त्याच आहेत. उचल प ऐवजी ग असली तरी आल्टो आपल्या प़ वर राहू शकते.

कीबोर्डवाल्या मित्राला मध्ये मध्ये मायनर कॉर्ड घालाव्याशा वाटतील. एखाद्या वेळी ते छान वाटतंही. पण जिथे कॉर्ड बदलते तिथे कान शब्दाकडे वळतो. प्रत्येक मापाच्या मध्येच कॉर्ड बदलू लागली तर सी आणि डीला जे वजन होतं ते उरत नाही आणि आपण अक्षरं त्या वजनावर बसवली होती. मी त्याला कडव्यांच्या मधल्या वाजवण्यात हवं ते करू देतो, शब्द सुरू झाले की तीनच कॉर्ड.

सरावाआधीची परीक्षा

गीत तयार झालं असं वाटल्यावर छापू नका. ज्याने शब्द पाहिलेले नाहीत अशा एकाला समोर बसवा. दोघा-तिघांनी ते पूर्ण लयीत, वाद्यासह गा आणि त्याला ऐकू येईल तसं लिहायला सांगा. तुमच्या कागदाशी त्याचा कागद ताडून पाहा. जिथे त्याने दुसराच शब्द लिहिला असेल तिथे लांब सुरावर ऱ्हस्व अक्षर आहे किंवा जड अक्षर उचलीत गेलंय. जिथे त्याने जागा मोकळी सोडली असेल तिथे शब्द मधोमध तुटून श्वास घेतला जातोय. आमच्या गीतात त्याने ‘घरी ये आज’चं ‘घरी यज’ असं लिहिलं होतं. ‘ये’वर (गसा)ची घसरण आणि लगेच ‘आ’. दोन स्वर एकमेकांत मिसळत होते. शब्द बदलले नाहीत. फक्त ‘आ’ नव्याने, किंचित सोडून उचलायला सांगितला आणि पुढच्या वेळी दुसऱ्या मुलीने ‘आज’ बरोबर लिहिलं.

पाळकांनाही छापण्याआधी वाचायला द्या, शास्त्रपाठासकट. आमच्या पाळकांनी एकच प्रश्न विचारला: तिसऱ्या कडव्यात ‘फिटेल’ म्हणताय, पण गोष्टीत तर त्यांना तिथेच कळलं ना? मी सांगितलं, गाणारे अजून त्या घराच्या दारात उभे आहेत. त्यांनी मान हलवली आणि कागद परत दिला.

छापताना कडव्यांच्या ओळी नुसत्या एकाखाली एक लिहू नका. पहिलं कडवं अक्षरं तोडून, लांब अक्षर जाड करून आणि वर कॉर्डची नावं लिहून द्या. दुसरं-तिसरं साधं चालेल. पहिल्या सरावाला सगळ्यांनी ते कडवं सुराशिवाय, फक्त लयीत टाळीवर दोनदा म्हणावं. टाळी जाड अक्षरावर पडली पाहिजे. तिसऱ्यांदा सूर लावा.